काकींचं न मोजलेलं धान्य

कुसुमलताकाकींनी मला पहिल्याच भेटीत झापलं. मी चपला घालून कोठीघरात पाय टाकला होता. "इथं लोकांच्या तोंडचा घास ठेवलेला आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही मोठे साहेब असाल तुमच्या जळगावात. चपला बाहेर." मी साठीला टेकलेला चार्टर्ड अकाउंटंट, नाकावर राग असणारा. ऑफिसातली पोरं मी जिना चढू लागलो की गप्पा थांबवतात. पण त्या दिवशी मुकाट्याने बाहेर जाऊन चपला काढल्या आणि तुरीच्या डाळीच्या भुशात अनवाणी उभा राहिलो.

धुळ्यात एका दवाखान्यामागे हे अन्नछत्र आहे. शिरपूर, साक्री, नंदुरबारकडून लोक आजारी माणूस घेऊन येतात, माणूस वॉर्डात जातो आणि सोबतचे बाहेर पायरीवर बसतात. कुणी चार दिवस, कुणी महिना. त्यांना दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून मारवाडी जैन समाजातल्या काही घरांनी ट्रस्ट काढला. त्यात काकींचे सासरे होते. काकींना मूल नव्हतं, नवरा लवकर गेला, आणि सासऱ्यांनी एक दिवस त्यांच्या हातात कोठीघराच्या किल्ल्या दिल्या. त्या किल्ल्या मग कमरेलाच राहिल्या.

पगार नाही, मानधन नाही. सकाळी देवदर्शन करून यायच्या त्या शेवटचं ताट उठल्यावरच घरी जायच्या. स्वतः सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, पण रात्रीची खिचडी स्वतः वाढायच्या. ट्रस्टच्या नियमाप्रमाणे स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. आता आपल्या खानदेशातल्या माणसाला भाकरीसोबत कांदा नाही म्हणजे जेवण झालंच नाही. काकींनी त्यावर वाट काढली होती. कांद्याची टोपली फाटकाबाहेर अस्लमच्या हातगाडीवर ठेवलेली असायची आणि ज्याला हवा त्याने जाताना तिथून उचलायचा. कुणी विश्वस्ताने विचारलं की म्हणायच्या, "गाडी अस्लमची आहे, मी काय करू?" कांद्याचे पैसे मात्र त्याच द्यायच्या.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा एक शिरपूरकडचा माणूस हात जोडून त्यांच्यापुढे उभा होता. "काकी, मन्ही माय बरी हुई गयी. आते घर जाई ऱ्हायनूत." काकी त्याला म्हणाल्या, "जा. आणि पुन्हा इथं जेवायला येऊ नको." ही त्यांची आशीर्वाद द्यायची पद्धत.

मी तिथं गेलो होतो ऑडिटर म्हणून. आधीचे ऑडिटर वयस्कर होते. ते जळगावातल्या खुर्चीत बसून सही करायचे, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग नाशिकच्या एका कंपनीने सामाजिक निधीतून अन्नछत्राला मदत द्यायला सुरुवात केली. तरुण नावाचा एक जण ट्रस्टचा नवा सचिव झाला होता, कापडाचं दुकान चालवणारा, चटपटीत आणि हौशी. त्याने मला नेमलं. "साहेब, सगळं एकदम प्रोफेशनल पाहिजे," तो म्हणाला. त्याला वाटलं, ऑडिटर बदलला म्हणजे झालं प्रोफेशनल.

ऑडिटर काय करतो याबद्दल लोकांच्या डोक्यात दोनच कल्पना असतात. एक, तो कागदाचा प्रत्येक तुकडा तपासतो. दोन, तो चोर पकडायला येतो. दोन्ही चूक. प्रत्येक तुकडा तपासायला गेलो तर माझे नातू ती सही करतील. मी निवडक बिलं काढतो, मोठी सगळी आणि लहानांतली काही, आणि त्यांच्यामागे माल खरंच आला का ते बघतो. बँकेला थेट पत्र टाकतो, खात्यात किती आहे ते ट्रस्टकडून नाही, बँकेकडून ऐकतो. मोठ्या देणगीदारांना लिहितो की तुम्ही खरंच एवढं दिलंत का. एकतीस मार्चला शिल्लक मालाची मोजणी होते तेव्हा जाऊन उभा राहतो. आणि एका गोष्टीची सांगड दुसरीशी लागते का ते पाहतो. या सगळ्यावरून मी एक मत बनवतो, की हे हिशेब एकूणात खरं चित्र दाखवतात की नाही. ते मत असतं. हमीपत्र नसतं, आणि चारित्र्याचा दाखला तर नसतोच नसतो.

एकतीस मार्चची मोजणी चोख झाली. काकींनी सांगितलेली पोती आणि आम्ही मोजलेली पोती जुळली. बँक जुळली, कंपनीची मदत पैन् पै जुळली, किराणा दुकानाची बिलं जुळली. मग मी सांगड घालायला बसलो. दवाखान्यातला समाजसेवा विभाग नातेवाइकांना वॉर्डात कुपनं वाटतो आणि तेवढीच ताटं उठतात. कुपनांची नोंद दवाखान्याची, म्हणजे ट्रस्टच्या हातातली नाही, आणि म्हणूनच मला ती हवी होती. वहीतलं धान्य पाहिलं तर त्यात रोजची साधारण दोनशे ताटं निघायला हवीत. कुपनं सांगत होती, तीनशे जेवले.

मी काकींना विचारलं, "काकी, वहीत आहे त्यापेक्षा जास्त धान्य शिजलंय. ते आलं कुठून?"

"गुप्तदानाचं," त्या म्हणाल्या, जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं.

कोठीघराला मागच्या बाजूला एक दार आहे आणि त्याबाहेर ओटा. पहाटे कुणी येऊन तिथं गव्हाचं पोतं ठेवून जायचं, कुणी डाळ, कुणी तेलाचा डबा. कुणी स्वतः यायचं, कुणी अस्लमच्या हातगाडीवर पाठवायचं. काकी दार उघडायच्या, नवकार मंत्र म्हणत पोतं मोठ्या कोठीत रिकामं करायच्या आणि रिकामं पोतं घडी घालून ओट्यावर ठेवायच्या, म्हणजे ज्याचं त्याने न्यावं. वजन करायचं नाही. लिहायचं नाही. कोण आलं ते पाहायचंसुद्धा नाही. हा सासऱ्यांनी घालून दिलेला नेम होता. दान मोजलं की देणाऱ्याला गर्व येतो आणि घेणाऱ्याला हिशेब, असं ते म्हणत. नाव सांगून देणाऱ्यांचं धान्य वेगळं, ते वजन करून, पावती फाडून वहीत चढायचं. ओट्यावरचं मात्र देवाचं.

मी अस्लमला गाठलं. तो बाजारपेठेत हातगाडी ओढायचा आणि निम्म्या गुप्तदानाची त्याला माहिती होती. मी म्हटलं, निदान पाठवणाऱ्यांची नावं दे, मी त्यांना गुपचूप पत्र पाठवून खात्री करीन. तो हसला. "साहेब, त्यांनी माझी जबान घेऊन माल दिला. नाव सांगितलं तर त्यांचं दान गेलं आणि माझी जबान गेली. दुसरं काही विचारा." दुसरं विचारण्यासारखं काही नव्हतं.

आता माझी अडचण समजून घ्या. धान्य कमी पडलं नव्हतं. उलट वहीपेक्षा जास्त लोक जेवले होते, म्हणजे धान्य येत होतं आणि शिजतही होतं. पण एकूण किती आलं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि किती आलं हे माहीत नसेल, तर आलेलं सगळं भांड्यात पडलं हे मी कशावरून लिहू? माझं मन सांगत होतं की ही बाई गव्हाचा दाणा घरी नेणार नाही. पण माझ्या मनाला रिपोर्टमध्ये जागा नसते. तिथं पुरावा लागतो.

अशा वेळी आमच्याकडे एक रस्ता असतो, त्याला क्वालिफाइड ओपिनियन म्हणतात. सोप्या भाषेत, "ही एक बाब सोडून बाकी हिशेब खरे आणि योग्य चित्र दाखवतात" असं मत. बाब एवढी मोठी नाही की सगळ्या हिशेबावर पाणी पडावं. तसं असतं तर मला मतच देता येत नाही असं लिहावं लागलं असतं. पण एवढी लहानही नाही की डोळेझाक करावी. म्हणून तिला वेगळी काढायची, का काढली ते लिहायचं, आणि बाकीच्याला हो म्हणायचं. ज्याला वाचता येतं त्याला अशा रिपोर्टमधून फार नेमकी माहिती मिळते. विश्वास कुठवर ठेवावा आणि कुठं स्वतः चौकशी करावी, ते कळतं.

काकींना हे सांगायला मी मुद्दाम धुळ्याला गेलो. वाटेत पारोळ्यापासून मनात वाक्यं जुळवत होतो. त्या डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"म्हणजे तुम्हाला दिसलं नाही, तेवढंच लिहिणार ना?"

"तेवढंच, काकी. कुणी काही केलं असं त्यात नसेल. तुमचं नावही नसेल."

"मग लिहा. न पाहता पाहिलं असं लिहिलंत तर ती असत्याची बाधा. ती माझ्यामुळे तुम्हाला कशाला?" मग म्हणाल्या, "पण मोजायला मला लावू नका, भाऊ. मी सासऱ्यांना शब्द दिलाय."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी मायाही वाटली की मी डाळीतले दोन खडे उचलून बाहेर टाकले आणि निघालो. तो परिच्छेद मी तीनदा लिहिला. शक्य तितका मऊ लिहिला, पण खोटा लिहिला नाही. "निनावी धान्यदानाची आवक मोजली वा नोंदवली जात नसल्याने, तिच्या पूर्णतेबाबत आम्हाला पुरेसा पुरावा मिळू शकला नाही." एवढाच होता तो.

आम्हाला भीती होती ती नाशिकच्या कंपनीची. तरुणचा चेहरा उतरला होता. तो म्हणत होता, मदत बंद होणार, आपण संपलो. कंपनीत हा निधी बघणाऱ्या बाईंचा मला फोन आला. त्यांनी रिपोर्ट नीट वाचला होता. विचारलं, "आमच्या पैशांच्या खर्चाला हा परिच्छेद लागू होतो का?" मी म्हटलं, नाही, तो सगळा तपासलाय. "आणि कुपनं धान्यापेक्षा जास्त आहेत, बरोबर?" बरोबर, म्हटलं. "मग पुढच्या वर्षापासून एक वजनकाटा घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या आणि मदत चालू राहिली. इतक्या लांबच्या, कधी न भेटलेल्या बाईने त्या कागदात जे लिहिलं होतं तेच वाचलं.

जवळच्यांनी नाही वाचलं.

सप्टेंबरात ट्रस्टची वार्षिक सभा भरली, एका मंगल कार्यालयात. सभेच्या आधीच कुणीतरी त्या परिच्छेदाचा फोटो काढून समाजाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला होता. "पुरेसा पुरावा मिळू शकला नाही" याभोवती लाल गोल. त्याच्या खालचा "बाकी हिशेब खरे आणि योग्य" हा भाग फोटोत नव्हता, कारण तो पुढच्या पानावर होता. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा लोक नेहमीसारखे बोलत नव्हते. काकी पहिल्या रांगेत एकट्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

तरुणने परिच्छेद वाचून दाखवला, घाईघाईने, अंगावरची पाल झटकल्यासारखा. मग एक जण उठला. "धान्य कमी आलं का?"

मी उठलो. "कमी नाही. वहीपेक्षा जास्त शिजलंय." मी कुपनांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, सोडून दिलेली बाब म्हणजे आरोप नव्हे हे सांगितलं. माझा आवाज चढत गेला. लोक मान हलवत होते, पण ते ऐकत नव्हते. मुलं शाळेत बाईंसमोर हलवतात तशा त्या माना होत्या.

"म्हणजे धान्य जास्त येत होतं," मागून कुणी म्हणालं. "मग अजून किती जास्त येत असेल? आणि उरलेलं कुठं जात होतं?"

"उरलेलं होतं असं कुणी म्हटलं?" मी ओरडलो.

तेव्हा दुसऱ्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ शांतपणे उठले. भला माणूस. वाद मिटावा म्हणूनच त्यांनी विचारलं असणार. "सीए साहेब, एवढं तापू नका. सरळ सांगा. धान्य बाहेर गेलं नाही असं तुम्ही लिहून देता का? दिलंत तर विषय संपला."

काकींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभेत त्या एकट्याच माझ्याकडे आशेने पाहत होत्या. पस्तीस वर्षं मी ही सही करतोय, पण सहीचं एवढं ओझं मला कधी झालं नव्हतं. हो म्हणालो असतो तर ती बाई त्या क्षणी सुटली असती. आणि मी, जे मी पाहिलं नाही ते पाहिलं असं सांगितलं असतं.

"मी तसं लिहून देऊ शकत नाही," मी म्हणालो. "गेलं असंही देऊ शकत नाही. मला ते—"

पुढचं कुणी ऐकलं नाही. पहिलं वाक्य लोकांना पुरलं. काकी उठल्या. कमरेच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, माईकला धक्का लागून तो कर्कश वाजला. दाराशी त्या चपला शोधत राहिल्या, आणि त्यांना चपला देण्यासाठी एकही माणूस वाकला नाही. मी मंचावर होतो, मी पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

धुळ्यात त्यांना राहवेना. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, त्या आल्या की बायका बोलता बोलता थांबायच्या. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काकींनी झापलं तरी असतं. त्या धरणगावला भावाकडे गेल्या. भाऊ थकलेला, घर भाचेसुनेच्या हातात. तिचं नाव कामिनी. चांगली मुलगी, आत्याला जीव लावणारी.

अन्नछत्रात तरुणने वजनकाटा आणला, मागच्या दारावर कॅमेरा बसवला, आणि ओट्यावर पाटी लावली: देणाऱ्याने नाव व मोबाईल नंबर लिहावा. थोडे दिवस अस्लम काही पोती घेऊन आला. "साहेब, नाव नाही," तो सांगायचा आणि कोठीवरचा नवा मुलगा म्हणायचा, मग घेता येत नाही. मी तरुणला समजावलं की नाव नको, वजन पुरे, तेवढं लिहिलं तरी माझं काम होतं. तो म्हणाला, "आता पूर्ण क्लीन करून टाकू या ना, साहेब." हळूहळू पोती थांबली. अस्लमने गाडी दुसऱ्या बाजाराला लावली आणि तिच्यासोबत कांद्याची टोपलीही गेली. मला एकदा फाटकात एक म्हातारा दिसला, दवाखान्याची पिशवी हातात. "ती काकी कोठे शे?" त्याने विचारलं. "दिसत नही आते." मी म्हटलं, गावी गेल्या.

मी कामासाठी धरणगावला गेलो की काकींकडे जाऊन यायचो. त्या नेहमी एकच विचारायच्या. "तो परिच्छेद निघाला का?"

त्यांच्या मनाने घेतलं होतं की तो परिच्छेद रिपोर्टमधून निघाला की त्यांच्यावरचा डाग निघेल. मी त्यांना समजावलं होतं की तो एका दिवसात निघत नाही. दुसऱ्या वर्षी निघाला नाही, कारण त्या वर्षातलेही पहिले काही महिने काकींच्या पद्धतीचेच होते. तिसऱ्या वर्षी चालू वर्षाचं सगळं मोजलेलं होतं, पण हिशेबात मागच्या वर्षाचे आकडे शेजारी छापलेले असतात आणि त्यांच्यापुरती ती ओळ ठेवावी लागली. "म्हणजे अजून थोडी आहे," काकी म्हणाल्या होत्या. "आता फक्त मागच्या वर्षापुरती, काकी. पुढच्या वेळी जाईल." त्यांनी बोटावर काहीतरी धरलं आणि मान हलवली. उपास किती उरले ते बाया मोजतात तसं.

चौथ्या वर्षी तो गेला. स्वच्छ मत. कसलीच बाब सोडलेली नाही. मी सही केली आणि मला खरंच आनंद झाला, मूर्खासारखा. कागदाची प्रत घेऊन मी धरणगावला निघालो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती, जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजत होता, आणि मी गाडीत एकटाच गुणगुणत होतो.

काकी वाळल्या होत्या. पाय सुजलेले, पलंगावरच बसून होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मराठी भाषांतर मी मुद्दाम करून नेलं होतं. वाचून झालं. उलटून मागचं पान पाहिलं. "गेला," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "गेला, भाऊ."

कामिनी चहा घेऊन आली. तिने फोनवर आधीच पाहिलं होतं. तरुणने रिपोर्ट समाजाच्या ग्रुपवर टाकला होता, फुलांच्या चित्रासह. खाली अभिनंदनांची रांग लागली होती. कामिनीने आत्याला खूश करायला म्हणून ती वाचून दाखवायला घेतली. "'खूप छान.' 'तरुणभाई, ग्रेट वर्क.' 'काकी गेल्यापासून...'" आणि ती थांबली.

"वाच," काकी म्हणाल्या.

"काही नाही, आत्या."

"वाच ना."

कामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? तिने हळू आवाजात वाचलं. "'काकी गेल्यापासून हिशेब एकदम स्वच्छ झाले. आता काय ते समजलं सगळ्यांना.'" त्याखाली पुष्कळांनी अंगठे दाखवले होते.

मला बोलायचं होतं. सांगायचं होतं की हिशेब स्वच्छ झाले कारण मोजायला आता काही उरलं नाही, देवाचं धान्य येणंच बंद झालं. ताटं तीनशेची दोनशे झाली म्हणून वही आणि कुपनं जुळतात. आणि हे माझ्या रिपोर्टमध्ये कुठंही नाही, कारण जे धान्य आलंच नाही त्याचं ऑडिट होत नाही. पण मी एवढंच म्हणालो, "काकी, यात तुमचं नाव कुठंच नाही हो. तेव्हाही नव्हतं."

"माहिती आहे," काकी म्हणाल्या. कागदाची त्यांनी घडी घातली, ओट्यावर रिकामं पोतं ठेवायच्या तशी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्या हातात परत दिली. "तुम्ही दोन्ही वेळा खरं तेच लिहिलंत."

त्यांनी चष्मा काढला.

"भाऊ, तो परिच्छेद होता तोवर लोकांना थोडी तरी शंका होती, मी नेलं नसेलही अशी," त्या म्हणाल्या. "आता तीही उरली नाही."

मी चहा तसाच ठेवून उठलो. कामिनी दाराशी रडत उभी होती. काकींनी मला थांबवलं नाही, आणि त्या दिवसानंतर त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.